‘सुटला’ हा शब्द आधी काढ

प्रिय,

अनेक आशीर्वाद.

10 ऑक्टोबरसाठी लिहिलेला मजकूर मिळाला. सोबतच्या चिठ्ठीत तू म्हणतेस, “ताई, शब्द कुठे चुकले असतील तर खुणा करा. मी याबाबतीत जरा ओसीडीच आहे, दहा वेळा तपासलंय.” मी पेन्सिल घेऊन बसले, आणि दोन ओळींतच कळलं की जे सांगायचंय ते समासात मावणारं नाही. म्हणून हे पत्र. लांबेल, पण तू आवडीने वाचशील याची खात्री आहे.

तुझा मजकूर आधी इथे उतरवून घेते, म्हणजे दोघींच्या डोळ्यांसमोर राहील:

“आज जागतिक मानसिक आरोग्य दिन. लाखो लोक नैराश्याचे बळी आहेत. मनोरुग्णांकडे वेडे म्हणून पाहू नका, तीही माणसंच आहेत. कितीही अंधार असला तरी हार मानू नका. आत्महत्या हा भ्याडपणा आहे, आयुष्य सुंदर आहे. प्रेमभंगामुळे गेल्या वर्षी आयुष्य संपवलेल्या आमच्या मित्राला ही श्रद्धांजली. सगळ्या त्रासातून तो सुटला, पण आम्हांला एकटं करून गेला. मनात काही असेल तर बोला. आम्ही चोवीस तास तुमच्यासाठी आहोत.”

यामागे तुझं मन किती दुखलेलं आहे ते मला दिसतं. मित्र गेल्याला अजून वर्ष व्हायचंय, आणि तरी तू लिहायला बसलीस. म्हणूनच मी भीड न ठेवता लिहिते आहे.

असा मजकूर मी कसा वाचते ते सांगते. इतकी वर्षं मानसोपचार विभागात समुपदेशक म्हणून काम केल्यामुळे एक सवय लागली आहे. त्या दिवशी हा मजकूर वाचणाऱ्यांत तीन-चार जण असे असतील ज्यांना सध्या त्रास होतो आहे आणि घरात कुणालाच ठाऊक नाही. ते काही बोलणार नाहीत, तुला शाबासकीही देणार नाहीत. तुझ्या ओळींतून ते एवढंच चाचपून पाहतील, की आपण हिला सांगितलं तर ही आपल्याला काय म्हणेल? बळी म्हणेल, भित्रा म्हणेल, की नीट ऐकून घेईल? मी प्रत्येक शब्द त्यांच्या डोळ्यांनी वाचते. तूही आता तसाच वाच.

सुरुवात मित्रावरच्या ओळींपासून करते. सगळ्यांत जपून लिहायला हव्यात त्या ओळी त्याच आहेत.

“सुटला.” आपल्याकडे हा शब्द किती सहज येतो. दीर्घ आजाराने अंथरुणाला खिळलेलं कुणी गेलं की आपण “सुटली बिचारी” म्हणतो, आणि त्यात माया असते, जाणाऱ्याच्या वेदनेची जाण असते. आत्महत्येने झालेल्या मृत्यूबद्दल मात्र हाच शब्द वेगळंच काही सांगतो. त्रासातून बाहेर पडायची वाट मरणातून जाते, आणि ती वाट खरंच कुठेतरी पोहोचते, असं तो सांगतो. “शांत झाला”, “मोकळा झाला”, “आता तरी त्याला विश्रांती मिळाली” यांचंही तेच. जवळचं माणूस असं गमावलेल्यांच्या एका गटात मी बसत असे. तिथे एक मुलगी कितीतरी आठवडे काहीच बोलली नाही. मग एके दिवशी म्हणाली, “दादा गेला तेव्हा घरी येणारा प्रत्येक जण म्हणायचा, तो सुटला. ऐकून ऐकून मला वाटायला लागलं, मग मीपण सुटेन.” येणाऱ्या कुणाचाच हेतू वाईट नव्हता. त्यांना दुसरे शब्द सुचले नव्हते इतकंच. तो दिवस आणि आजचा दिवस, या संदर्भात ‘सुटला’ शब्द मी स्वतःही वापरलेला नाही आणि कुणाच्या मजकुरात राहूही दिलेला नाही.

“प्रेमभंगामुळे.” हा शब्द तू माहिती म्हणून लिहिलास, पण त्याने दोन जणांवर घाव बसतो. पहिली ती मुलगी, जिच्याशी त्याचं नातं तुटलं होतं. ती तुमच्याच वयाची आहे, ती हे वाचेल, आणि वर्षभर स्वतःला जे विचारत आली आहे त्याचं उत्तर तुझ्या हातून छापलेलं पाहील. दुसरा असा कुणी, ज्याचं नातं याच आठवड्यात तुटलं आहे. त्याला ती ओळ सांगेल की असं झाल्यावर माणसं असंच करतात. खरं म्हणजे आत्महत्येमागे एकच कारण जवळपास कधीच नसतं. आधीपासून चालत आलेला आणि ओळखला न गेलेला आजार, व्यसन, झोप उडणं, एकटेपणा, पैशाची किंवा घरातली अडचण, आणि त्यावर एखादा ताजा आघात, असं बरंच काही एकावर एक चढलेलं असतं. बाहेरच्यांना फक्त शेवटचा आघात दिसतो. वर्तमानपत्रांतलं “नैराश्यातून आत्महत्या” हे ठरलेलं शीर्षकही मला याच कारणासाठी खटकतं. नैराश्य असलेल्या बहुसंख्य लोकांचा मृत्यू आत्महत्येने होत नाही. पण हे शीर्षक वर्षानुवर्षं वाचत आलेल्या माणसाला निदान ऐकताच आपला शेवट ठरल्यासारखा वाटतो.

तू म्हणशील, एका शब्दाने खरंच इतका फरक पडतो का? शब्दांनी आणि मांडणीने पडतो, आणि तो मोजला गेला आहे. व्हिएन्नात 1978 मध्ये भुयारी रेल्वे सुरू झाली. पुढे 1980 च्या दशकाच्या मध्यावर तिथे होणाऱ्या आत्महत्या वाढल्या, आणि त्यांच्या बातम्याही मोठ्या, रंगवलेल्या, पहिल्या पानावरच्या असायच्या. 1987 मध्ये तिथल्या आत्महत्या-प्रतिबंधाच्या क्षेत्रातल्या मंडळींनी पत्रकारांसाठी सूचना तयार केल्या. पद्धतीचं वर्णन नको, एकाच कारणावर बोट नको, करुणरम्य मांडणी नको, पहिलं पान नको, अशा स्वरूपाच्या. वर्तमानपत्रांनी त्या पाळल्या. त्याच वर्षीच्या पहिल्या सहामाहीच्या तुलनेत दुसऱ्या सहामाहीत त्या रेल्वेतल्या आत्महत्या आणि प्रयत्न मिळून तीन चतुर्थांशांहून अधिक घटले, आणि पुढची काही वर्षं ते प्रमाण खालीच राहिलं. घटीचं सगळं श्रेय एकट्या बातम्यांना द्यावं का यावर अभ्यासक वाद घालू शकतात. पण नंतर जागतिक आरोग्य संघटनेने माध्यमांसाठी केलेल्या मार्गदर्शिकेतही हीच सूत्रं आली आहेत.

याच शहरातल्या संशोधकांनी 2010 मध्ये प्रसिद्ध केलेला एक अभ्यास मला त्याहून मोलाचा वाटतो. ऑस्ट्रियातल्या वर्तमानपत्रांतला आत्महत्येविषयीचा मजकूर त्यांनी तपासला. मरण्याचे विचार आले, पण माणूस कशाच्या तरी, कुणाच्या तरी आधाराने त्यातून पार पडला, अशा हकीकती छापून आल्यानंतर आत्महत्यांचं प्रमाण किंचित कमी झालेलं त्यांना दिसलं. म्हणजे गप्प बसणं हा उपाय नाही. काय सांगायचं याची निवड करणं हा आहे. तुझ्या मजकुरात अशी एकही हकीकत नाही. तुमच्यातलाच एक मुलगा दोन वर्षांपूर्वी या वाटेने जाऊन आला आहे आणि ते उघड सांगतो, असं तू मागे बोलली होतीस. त्याला विचार. त्याने होकार दिला तर त्याच्या दोन ओळी घे, त्याच्याच शब्दांत: काय होत होतं, कुणाला सांगितलं, कशाचा उपयोग झाला. नकार दिला तर पुन्हा विचारू नकोस.

“भ्याडपणा” हा शब्द तू दूर लोटण्यासाठी लिहिलास, कुणी तिकडे वळू नये म्हणून. पण ज्याच्या मनात ते विचार आहेत तो आधीच स्वतःला नालायक, दुसऱ्यांवर भार समजत असतो. ‘भित्रा’ ऐकून त्याचे विचार थांबत नाहीत, फक्त तोंड बंद होतं. आणि तुझ्या मित्राची आई तो शब्द वाचेल, हेही लक्षात घे. मात्र ‘धाडस’ किंवा ‘मोठा निर्णय’ असंही लिहायचं नाही. शिवी देऊ नये तसा गौरवही करू नये.

मग काय लिहायचं? इथे मराठीची एक अडचण आहे. इंग्रजी मार्गदर्शिकांमध्ये ‘कमिट’ या क्रियापदावर आक्षेप असतो, कारण गुन्हा करण्यासाठीही तेच क्रियापद वापरतात. आपलं ‘करणं’ निरुपद्रवी आहे, आपण अभ्यास करतो, प्रेमही करतो. आपल्याकडे भार नामातच आहे: आत्म-हत्या. तो शब्द टाळायला लोक “टोकाचं पाऊल उचललं”, “जीवनयात्रा संपवली”, “मृत्यूला कवटाळलं” असं लिहितात. मला ते मूळ शब्दापेक्षा वाईट वाटतं. ‘टोकाचं पाऊल’ लपवतं, ‘संपवली’मध्ये एखादं काम नीट पुरं केल्याचा भास आहे, आणि ‘कवटाळलं’ तर मरणाला गोड करतं. मी “त्याचा आत्महत्येने मृत्यू झाला” असं लिहिते. पहिल्यांदा कानाला अवघडल्यासारखं वाटतं. पण ‘अपघाती मृत्यू’, ‘हृदयविकाराने मृत्यू’ यांच्या रांगेत ते बसतं, आणि मरणाचं कारण सांगून थांबतं. बोलताना “तो आत्महत्येने गेला” हे सहज येतं. त्याचप्रमाणे ‘यशस्वी’ आणि ‘फसलेला’ प्रयत्न हे शब्द कधीच नकोत. माणूस वाचला तर त्याला ‘प्रयत्नातून वाचला’ म्हणावं.

पद्धत, जागा, चिठ्ठी यांबद्दल तू काहीच लिहिलं नाहीस, ते फार चांगलं केलंस. खाली कुणी विचारलं तरी सांगू नकोस.

आता आजारांच्या शब्दांकडे येते. इथे मराठी आपल्या मदतीला आहे, आणि मला याचं फार अप्रूप वाटतं. आपण “मला ताप आला”, “त्याला मधुमेह आहे”, “तिला दम लागला” असं म्हणतो. आपल्या वाक्यात माणूस एकीकडे उभा असतो आणि आजार त्याच्याकडे आलेला असतो. आलेला आजार जाऊही शकतो, किंवा औषधाने काबूत राहू शकतो. मनाच्या आजारांबद्दल बोलताना मात्र आपण ही वाक्यरचना सोडून देतो आणि “तो स्किझोफ्रेनिक आहे”, “ती बायपोलर आहे” म्हणतो. “तो मधुमेह आहे” असं कुणी म्हणेल का? तेव्हा साधा ‘ला’ परत आण: त्याला स्किझोफ्रेनिया आहे, तिला बायपोलरचा आजार आहे, त्याला नैराश्य आलं होतं. ‘मनोरुग्णांकडे’ ऐवजी ‘मानसिक आजार असलेल्यांकडे’. दवाखान्यात, तपासणीच्या वेळी तो रुग्ण असतो. घरी, कामावर, मित्रांमध्ये तो रुग्ण म्हणून वावरत नाही.

‘बळी’ हा शब्दही याच कारणासाठी काढ, आणि त्याच्या जागी ‘ग्रासलेले’ही घालू नकोस. ‘बळी’मध्ये माणूस संपलेला आहे. ‘लाखो’ हा आकडाही चुकलाय: जागतिक आरोग्य संघटनेच्या 2019 च्या अंदाजानुसार सुमारे 97 कोटी लोकांना, म्हणजे जगातल्या दर आठ माणसांमागे एकाला, कोणता ना कोणता मानसिक आजार होता. आकडा द्यायचाच असेल तर हा ‘आठातला एक’ दे, तो वाचणाऱ्याला आपल्या घरात मोजता येतो.

‘वेडे म्हणून पाहू नका’ या वाक्याबद्दल जरा थांबून सांगते. ‘वेड’ हा शब्द मी कुणाच्या तोंडून हिसकावून घेणार नाही. गाण्याचं वेड असतं, आई लेकराला ‘वेडू’ म्हणते, त्यात कुणाचा अपमान नाही. तो बोचतो दोन ठिकाणी. एक, आजाराचं नाव म्हणून. दुसरं, कुणी आपला त्रास सांगत असताना उत्तर म्हणून: “वेडी आहेस का, असं काय बोलतेस!” यातलं दुसरं अधिक घातक, कारण ते मायेने म्हटलेलं असतं आणि बोलणं तिथेच थांबतं. तुझ्या वाक्यात नकार आहे खरा, पण वाचणाऱ्याच्या मनात ‘मनोरुग्ण’ आणि ‘वेडे’ हे दोन शब्द शेजारी-शेजारी बसतात, आणि ‘नका’ विसरलं जातं. “तीही माणसंच आहेत” हे तर कुणाला वेगळं सांगावं लागतंय यातच त्यांना बाहेर उभं केल्यासारखं होतं. ती ओळ पूर्ण गाळ. तिच्या जागी काही नको.

स्किझोफ्रेनियाला मराठीत ‘छिन्नमनस्कता’ म्हणतात, आणि कुणीतरी तुला तो शुद्ध शब्द वापरायला सांगेल. वापरू नकोस. जपानमध्ये या आजाराचं जुनं नाव असंच होतं, अर्थ ‘मन दुभंगण्याचा आजार’. ते इतकं भयंकर वाटायचं की बरेच डॉक्टर रुग्णाला निदानच सांगत नसत. रुग्णांच्या कुटुंबीयांच्या संघटनेने 1993 मध्ये नाव बदलण्याची मागणी केली आणि 2002 मध्ये तिथल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या संस्थेने ते बदललं. नव्या नावाचा अर्थ साधारण ‘मेळ बिघडण्याचा आजार’ असा होतो. तेव्हा सुमारे 37 टक्के रुग्णांना आपलं निदान सांगितलं जात होतं, 2004 पर्यंत ते प्रमाण 70 टक्क्यांच्या जवळ गेलं. औषधं तीच, आजार तोच. ज्याला आपल्या आजाराचं नाव कळतं तो औषध का घ्यायचं हे विचारू शकतो, कधी बंद करायचं नाही हे समजून घेऊ शकतो.

आता तुझी चिठ्ठी. “मी जरा ओसीडीच आहे.” रागावले नाही, पण यावर तुझ्याशी बोलायलाच हवं, कारण हा शब्द तुझ्या वयाच्या सगळ्यांच्या तोंडी आहे. टापटीप आवडणं म्हणजे ओसीडी नव्हे. ओसीडीत नको असलेला विचार पुन्हा पुन्हा घुसतो, त्याने जीव घाबरा होतो, आणि ती घबराट शमवायला माणूस काही कृती पुन्हा पुन्हा करत राहतो: धुणं, तपासणं, मोजणं, मनात काही ठरावीक घोकणं. निदान करताना दिवसातला तासाभराहून अधिक वेळ यात जातो का, किंवा रोजची कामं अडतात का, हे पाहिलं जातं. त्यात आवड कुठेच नसते.

माझ्याकडे एक मुलगा आला होता. ओळख पटेल असं काही सांगत नाही. आपल्या हातून धाकट्या भावाला इजा होईल असा विचार त्याच्या मनात सतत यायचा. भावावर त्याचा जीव होता, म्हणूनच तो विचार त्याला असह्य व्हायचा. तो भावाच्या खोलीत जाईनासा झाला, स्वयंपाकघरात पाऊल ठेवीना, रात्री दार बाहेरून लावून घ्यायला सांगायचा, आणि आपण इजा केलेली नाही ना याची दिवसाकाठी कितीतरी वेळा आईकडून खात्री करून घ्यायचा. त्याला वाटत होतं की आपण राक्षस आहोत. माझ्यापर्यंत पोहोचायला त्याला चार वर्षं लागली. मी म्हटलं, हा ओसीडी असू शकतो, डॉक्टरांना दाखवू. तर तो म्हणाला, “पण ओसीडी तर माझ्या मैत्रिणीला आहे, तिला वह्या रंगांप्रमाणे लावायला आवडतात.” शब्द त्याच्या अवतीभवती रोज वाजत होता, आणि तरी त्याच्या कामी आला नाही. पुढे औषध आणि विशिष्ट पद्धतीची वर्तनोपचार चिकित्सा यांनी त्याचा त्रास बराच कमी झाला. हलक्याने वापरलेल्या शब्दाने कुणाच्या भावना दुखावतात, ही झाली लहान तक्रार. त्याने आजार ओळखू येईनासा होतो, ही माझी मोठी तक्रार आहे.

‘डिप्रेशन’चंही तसंच. सामना हरला, डिप्रेशन आलं; पेपर अवघड गेला, डिप्रेशन आलं. त्याला उदास वाटलं, वाईट वाटलं, हिरमुसलो, मन खट्टू झालं म्हणायला मराठीत शब्दांचा तुटवडा नाही. आजार म्हणून नैराश्य म्हणतात तेव्हा दिवसातला बराचसा वेळ, जवळजवळ रोज, निदान दोन आठवडे मन खचलेलं असतं किंवा कशातच रस वाटत नाही, आणि सोबत झोप, भूक, एकाग्रता, अंगातली शक्ती यांत बदल होतात. म्हणूनच “हार मानू नका” हे त्या माणसाच्या कामी येत नाही. ज्याला अंथरुणातून उठायला दोन तास लागतात, त्याला ते ‘तू हार मानतो आहेस’ असं ऐकू येतं. पाय मोडलेल्याला आपण जिद्दीने चाल म्हणत नाही, प्लास्टर करायला नेतो.

शेवटची ओळ, “आम्ही चोवीस तास तुमच्यासाठी आहोत.” ही मला सगळ्यांत धोक्याची वाटते, कारण ती खरी नाही. तू झोपशील, तुझी परीक्षा असेल, तुझा फोन बंद पडेल. कुणीतरी रात्री अडीच वाजता धीर करून लिहील आणि सकाळपर्यंत उत्तर येणार नाही. ज्याने महिनाभर मन घट्ट करून ते लिहिलं, त्याला ती शांतता म्हणजे नकार वाटेल. पाळता येईल तेवढंच लिही. कोण, कोणत्या वेळेत, कुठे भेटेल ते लिही, आणि उरलेल्या वेळेसाठी तुमच्या भागातल्या हेल्पलाइनचा नंबर दे. तो नंबर छापण्याआधी स्वतः लावून बघ. दिवसा एकदा आणि रात्री एकदा. बंद पडलेले नंबर वर्षानुवर्षं एका मजकुरातून दुसऱ्यात उतरत राहतात.

आणि कुणी खरंच लिहिलं तर? तेव्हाही शब्दच लागतील, म्हणून आत्ताच सांगते. आपली सवय अशी विचारायची आहे: “काही भलतंसलतं तर मनात येत नाही ना?” त्या ‘ना’मध्ये उत्तर भरलेलं आहे. आपल्याला ‘नाही’ ऐकायचंय हे समोरच्याला कळतं, आणि तो ‘नाही’ म्हणून आपली सुटका करतो. सरळ विचार: “तुझ्या मनात मरण्याचे विचार येतात का? आत्महत्येचा विचार येतो का?” असं विचारल्याने विचार रुजतो ही भीती जवळजवळ प्रत्येकाला वाटते. मलाही नोकरीच्या पहिल्या वर्षी वाटायची. पण याचा अनेकदा अभ्यास झाला आहे आणि विचारल्याने धोका वाढल्याचं आढळलेलं नाही. उलट माणसाला हायसं वाटतं, कारण तो शब्द पहिल्यांदा दुसऱ्या कुणीतरी उच्चारलेला असतो.

उत्तर ‘हो’ आलं तर उपदेश करू नकोस, घरच्यांची आठवण करून देऊन अपराधी वाटायला लावू नकोस, आणि “कुणाला सांगणार नाही” असं वचन देऊ नकोस. “तू मला सांगितलंस ते बरं केलंस. मी हे एकटी ठेवणार नाही, पण कुणाला सांगायचं ते आपण मिळून ठरवू,” एवढं पुरे. काही ठरवलं आहे का, साधन हाताशी आहे का, हे विचार. तसं असेल तर त्याला एकटं सोडायचं नाही, साधन दूर करायचं, मोठ्या माणसाला बोलवायचं, आणि त्याच वेळी तातडीच्या सेवेला किंवा रुग्णालयाला गाठायचं. इथून पुढचं काम तुझं नाही, आणि ते एकटीने पेलायचा प्रयत्न तू करू नयेस. मित्र गमावलेली तूही आहेस. मजकूर गेल्यावर त्या आठवड्यात तुला कुणाशी बोलता येईल ते आधी ठरवून ठेव.

आता मजकूर पुन्हा लिहून बघते. तुझ्याजवळच्या शब्दांनी तू तो बदलशीलच:

“आज 10 ऑक्टोबर, जागतिक मानसिक आरोग्य दिन. गेल्या वर्षी आमचा एक मित्र आत्महत्येने गेला. तो चित्रं काढायचा, आणि कुणाचं काम मागे राहिलं की शेजारी बसून पुरं करून घ्यायचा. आम्हांला त्याची रोज आठवण येते. त्याच्या जाण्याचं एक कारण सांगता येणार नाही, आणि कुणी ते शोधत बसू नये असं आम्हांला वाटतं. गेले काही आठवडे तुम्हांला झोप लागत नसेल, कशात मन लागत नसेल, मरण्याचे विचार येत असतील, तर हा त्रास खरा आहे आणि त्यावर उपचार आहेत. आमच्यातल्या एकाने ते घेतले, त्याचं म्हणणं खाली त्याच्याच शब्दांत दिलं आहे. निदान एका माणसाला सांगा. आम्ही दोघी रोज संध्याकाळी सात ते नऊ फोनवर आहोत. इतर कोणत्याही वेळी खालच्या हेल्पलाइनवर माणूस भेटेल, आम्ही स्वतः फोन करून पाहिला आहे.”

चित्रांची आणि मदतीची ओळ तू मागे सांगितलेल्या आठवणींवरून घातली आहे. या मजकुरात त्याच्या मरणापेक्षा त्याचं असणं जास्त दिसावं, असं मला वाटलं. पण ती ओळ ठेवायची की नाही, आणि तो कसा गेला हे लिहायचं की नाही, हे तू-मी ठरवायचं नाही. त्याच्या आईवडिलांना भेट, पूर्ण मजकूर वाचून दाखव, आणि एखादा शब्द त्यांना नको असेल तर कारण न विचारता काढ. ‘आत्महत्येने’ हाच शब्द नको म्हणाले तर “आमचा एक मित्र गेला” एवढंच राहू दे, खालचं सगळं तसंच चालेल. त्या मुलीलाही आधी कळव, हा मजकूर अचानक तिच्यासमोर यायला नको. तिच्याशी बोलताना कुणीतरी तिच्यासोबत असेल अशी वेळ निवड.

सोबत जोडलेलं चित्र बदल. डोकं हातांत धरून काळोखात बसलेल्या माणसाचं चित्र त्या दिवशी जिथे तिथे असतं. दोन माणसं बाकावर शेजारी बसलेली, असं साधं काहीतरी चालेल. तुमच्याकडे त्याने काढलेलं एखादं चित्र असेल आणि घरचे हो म्हणाले, तर तेच लाव.

घरी जाऊन आलीस की मला फोन कर. किती उशीर झाला तरी त्या दिवशी मी जागी आहे.

तुझी
ताई